परतीचा रकाना

फी आली म्हणजे कमाई झाली, असं समजणारा माणूस मला आजही अडाणी वाटतो, मग तो कितीही शिकलेला असो. वादिराज सर फिजिक्समध्ये सुवर्णपदक मिळवलेले, पण सहा वर्षांपूर्वी मी त्यांच्या क्लासचे हिशेब हातात घेतले तेव्हा त्यांचीही समजूत हीच होती. जूनमध्ये गल्ला भरला की सर खूश, आणि नोव्हेंबरमध्ये मास्तरांचे पगार द्यायची वेळ आली की डोक्याला हात.

आमच्याकडची पद्धतही त्यांच्या या समजुतीला खतपाणी घालणारी. म्हैसूरमधले पालक, त्यातही आपली मराठी मंडळी, फी कधी नुसती देत नाहीत. ताटात पानविडा, नारळ, दोन केळी, त्यावर नोटांचं पाकीट, आणि मुलाला सरांच्या पाया पडायला लावायचं. सर म्हणायचे, "इंदिराबाई, ही दक्षिणा आहे. दक्षिणा ज्या दिवशी दिली त्या दिवशी आपली झाली."

मी त्यांना ताडकन म्हटलं होतं, "सर, शिकवलंय कुठं अजून? बावीस महिन्यांचे पैसे घेतलेत, शिकवलाय एक दिवस. बाकीचं सगळं त्या मुलांचं आपल्याकडे ठेवलेलं आहे."

मी अठरा वर्षं एका ऑडिटरच्या कचेरीत वह्या लिहिलेली बाई. मला कुणी शिकवू नये. मी 'आगाऊ फी' असं वेगळं खातं उघडलं. पीयूसी, म्हणजे इकडची अकरावी-बारावी, आणि सीईटी असा दोन वर्षांचा कोर्स, शिकवायचे महिने बावीस, फी सहा हजार सहाशे. ती आली की सगळी त्या खात्यात, म्हणजे आपल्यावरचं देणं म्हणून. मग दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला प्रत्येक मुलामागे तीनशे रुपये तिथून उचलायचे आणि उत्पन्नात घालायचे, कारण तेवढा महिना शिकवून झाला. ३१ मार्चला उरेल ते पुढच्या वर्षाचं. त्यातला एक रुपयाही नफा म्हणून दाखवायचा नाही. सरांनी पहिल्या वर्षी कुरकुर केली, नफा एकदम निम्म्यावर आला म्हणून. पण नोव्हेंबरचे पगार वेळेवर झाले तेव्हा मुकाट्यानं मान डोलावली.

त्याच वहीत शेवटचा रकाना होता 'परत'. मूल मध्येच सोडून गेलं तर द्यायच्या पैशांचा. नियम मीच पावतीच्या मागे छापून घेतला होता: पालकानं लेखी कळवावं, सुरू झालेल्या महिन्यांची फी आणि वर एक महिन्याची कपात ठेवून घेऊन बाकीची परत मिळेल. सहा वर्षांत तो रकाना कोरा होता. आमच्याकडचं मूल कधी सोडून जातच नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती वही उघडून दाखवून सांगत असे. सांगताना मला किती बरं वाटायचं, ते आता आठवलं की कुठं तोंड लपवू असं होतं.

कारण तो रकाना आपोआप कोरा राहिला नव्हता. मी तो कोरा ठेवला होता.

सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरातला शेवटचा सोमवार. चाचणीचे मार्क लागले होते, त्यामुळे खिडकीपाशी पालकांची गर्दी. कुणी बँकेतले, कुणी कॉलेजातले, एक डॉक्टरीणबाई. त्यांच्या मागून सयाजीराव आले. लष्कर मोहल्ल्यात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप. माझ्या चुलत आत्येच्या नात्यातले, म्हणजे तसे आमच्यातलेच. आमचेही पणजोबा महाराजांच्या फौजेतले आणि त्यांचेही. अंगावर कामाचाच शर्ट, नखांत ग्रीस. सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाले, "अक्का, आमची जयलक्ष्मी हाय न्हवं, तिला हे सायन्स होईना झालंय. रोज सकाळी निघायच्या टायमाला उलटी करते. डॉक्टर बोलला, बिडी, सोडून द्या. कॉमर्सला घालतो. त्ये कॉलेजवाले दसऱ्याच्या आत पैसे भरा म्हणायलेत. तर आपल्याकडचं उरल्यालं जरा..."

त्या 'अक्का'नं माझं डोकं फिरलं. खरं कारण तेच. डॉक्टरीणबाईंनी वळून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हा माणूस माझा कोण असेल याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत मला दिसला. पस्तीस वर्षं मी इस्त्रीची साडी नेसून, चष्म्याला साखळी लावून जे काही उभं केलं होतं, ते या माणसानं एका हाकेत लष्कर मोहल्ल्यात नेऊन ठेवलं. त्यात तो कोरा रकाना. जो मी तासाभरापूर्वी त्याच डॉक्टरीणबाईंना दाखवला होता.

मी म्हटलं, "सयाजीराव, जूनमध्ये ताट घेऊन तुम्हीच आला होता ना? विडा ठेवून सरांच्या हातात दिलंत. गुरूला दिलेलं कुणी परत मागतं का? लेकीच्या विद्येचं काय होईल, विचार केला का?"

ज्या दक्षिणेवरून मी सरांना झाडलं होतं, तीच मी त्यांच्या तोंडावर मारली. आणि हे म्हणताना माझ्या पुढ्यातल्या वहीत स्वच्छ अक्षरांत होतं: जयलक्ष्मी सयाजीराव, आले सहा हजार सहाशे, चार महिन्यांचे बाराशे वजा, शिल्लक पाच हजार चारशे. उद्या महिना संपला की सप्टेंबरचेही तीनशे बसतील म्हणून मी ते आधीच मांडून ठेवले होते. कपातीचे तीनशे गेले की त्यांचे एक्कावन्नशे रुपये. मला ते पैशापर्यंत ठाऊक होते.

सयाजीरावांच्या खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता. कानडीत लिहिलेला अर्ज असावा. त्यांचा हात तिकडे गेला आणि तिथंच थांबला. मागे कुणीतरी हसलं. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं अक्का. तसं न्हाई मागितलं. सुम्ने विचारलं." सुम्ने म्हणजे उगीच, सहज. आणि ते गेले.

मी पुढच्या पालकाला मार्क सांगितले. महिनाअखेर आली तेव्हा अडुसष्ट मुलांचे तीनशेप्रमाणे वीस हजार चारशे उत्पन्नात घातले. ऑक्टोबरअखेर पुन्हा अडुसष्ट. नोव्हेंबर, डिसेंबर, तसंच मार्चपर्यंत. चिठ्ठी आली नाही म्हणजे मूल सोडून गेलं नाही, असा माझा कायदा. चिठ्ठी कशी येईल? मी ती खिशातून बाहेरच येऊ दिली नव्हती.

पुढच्या मे महिन्यात सरांनी वरचा मजला विकत घ्यायचं ठरवलं. कर्जासाठी बँकेनं ऑडिट केलेले हिशेब मागितले, म्हणून अनंतकृष्ण आला. वयानं माझ्या मुलाएवढा, नवाच सीए, आमच्याच ओळखीतला. घरात मराठी बोलतो पण अर्धी इंग्रजी. 'आगाऊ फी'चं खातं पाहून तो मनापासून म्हणाला, "बाई, मोठ्या मोठ्या कॉलेजांत सुद्धा असं करत नाहीत. फी शिकवण्याच्या काळावर पसरायची, हे सांगून सांगून आम्ही थकतो. तुम्ही परफेक्ट केलंय."

मी फुलले. त्याच्यासाठी दुसऱ्यांदा कॉफी मागवली.

मग त्यानं हजेरीपट मागितला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं बोट लावत नावं मोजली, पेन्सिलनं खुणा केल्या आणि म्हणाला, "बाई, मार्चमध्ये वर्गात एकसष्ट आहेत. उत्पन्न अडुसष्ट जणांचं घेतलंय. या सात जणांना कुणी शिकवलं?"

"नाव आहे त्यांचं. जागा ठेवलीय. येत नाहीत तर आपण काय करणार?"

"तसं असेल तर ठीक आहे," तो म्हणाला. "जागा आहे, क्लास चालू आहे, मूल उद्या येऊन बसू शकतं, तर दर महिन्याचं घ्यायला हरकत नाही. पण कुणी सोडतो म्हणून सांगितलं असेल तर ती गोष्ट वेगळी. त्या दिवसापासून तुम्ही त्याला शिकवणं लागत नाही, आणि तुमच्याच नियमानं उरलेली फी त्याला देणं लागता. ती उत्पन्नात येत नाही. सांगितलंय का कुणी?"

मी म्हटलं, "चिठ्ठी एकही आली नाही."

हे खरं होतं. इतकं खरं बोलून मी आयुष्यात कधी इतकी खोटी पडले नव्हते.

अनंतकृष्णनं मान हलवली आणि एका कागदावर टाइप केलेल्या ओळी माझ्यापुढे सरकवल्या. ऑडिटर हिशेब करणाऱ्यांकडून लेखी कबुली घेतात, मी स्वतः अशा शेकडो टाइप केल्या होत्या. सहावी ओळ त्यानं पेननं वाढवली: 'वर्षभरात कोणत्याही विद्यार्थ्यानं वा पालकानं क्लास सोडत असल्याचं आम्हाला कळवलेलं नाही.' खाली दोन जागा, एक सरांची, एक माझी.

"चिठ्ठीनं कळवलेलं नाही, असं लिही," मी म्हटलं.

"का? तोंडी कुणी कळवलंय का?"

तो सहज विचारत होता. संशय नव्हता त्याच्या मनात. समोर वादिराज सर बसले होते. त्यांनी पेन उघडलं, सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. "करा, बाई. आपल्याकडं कोण सोडून जातंय?" माझंच वाक्य, अभिमानानं.

मी पेन धरलं, सहावी ओळ पुन्हा वाचली. मी पेन खाली ठेवलं.

"तिघं येऊन गेले," मी म्हटलं. "चौघं काही न सांगता बंद झाले, त्यांचं खरंच मला ठाऊक नाही. पण तिघांचे पालक खिडकीशी आले होते. एक येलवालचे शाळामास्तर, एक सरगूरहून आले होते, आणि सयाजीराव. मी परत पाठवलं. विडा ठेवून दिलेलं मागता का म्हणून."

मला वाटलं होतं सर कर्जाचं काढतील, आता नफा कमी दिसणार म्हणतील. मनातून मला तेच हवं होतं. दोष थोडा वाटून गेला असता. पण ते म्हणाले, "मला कधी बोलला नाहीत तुम्ही. मी दिले असते हो, बाई. पावतीवर छापलंय आपण. लगेच दिले असते."

आणि ते खरोखरच देणारे होते. इतकी वर्षं मी त्यांना हिशेबातलं शेंबडं पोर समजत आले. अडवणारी मी एकटीच होते.

अनंतकृष्णनं शहाण्यासारखं वर पाहिलंच नाही. नोंद सांगत गेला आणि मी लिहीत गेले. ऑक्टोबर ते मार्च, सहा महिन्यांचे जयलक्ष्मीच्या नावावर घेतलेले अठराशे उत्पन्नातून काढले. कपातीचे तीनशे तेवढे आपले. अठराशेतून तीनशे गेले, पंधराशेनं उत्पन्न घटलं. 'आगाऊ फी'त उरलेले छत्तीसशे आणि हे पंधराशे मिळून एक्कावन्नशे, 'परत देणे' या नव्या खात्यात. मग बाकी दोघांचंही तसंच. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्या रकान्यात आकडा लिहिला, आणि तो लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कुणी पाहू नये म्हणून चष्मा पुसत बसले.

सरांनी त्याच दुपारी तीन चेक लिहिले. दोन पोस्टानं गेले. सयाजीरावांचा मी स्वतः बँकेत वटवून पाकिटात घातला, कारण त्यांचं बँकेत खातं नव्हतं. हे मला माहीत होतं. नातं नाकारलं तरी माणसाची माहिती असतेच.

वर्कशॉपच्या मागेच त्यांचं घर. दार भागीरथीबाईंनी उघडलं, सयाजीरावांच्या पत्नी. मला बघून त्यांचा चेहरा असा खुलला की मी पाकीट काढायला पर्समध्ये घातलेला हात तसाच ठेवला.

"अय्यो, अक्का! यावं, यावं. इतकं दिवस मी ह्यांना म्हणायली, अक्काच्या घराला जाऊन एकदा पाया पडून येऊ. आज तुमीच आला!" त्यांनी खुर्ची पुसली, पंखा लावला. "काय उपकार केला तुमी! आठ दिवसात सगळं पैसं परत दिला. आजकाल कोण देतं, हेळी, सांगा की? मला वाटलं, गेलं आता. ह्ये म्हणाले, आपली अक्का हाय तिथं, आपल्या माणसाला कधी न्हाई म्हणणार न्हाई. आणि तसंच केलं बघा तुमी. पोरगी कॉमर्सला गेली, आता जेवती-खाती, हसती."

त्यांच्या खांद्यामागे सयाजीराव दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. नको, बोलू नका. मला वाटत होती तेवढीच भीती त्यांच्याही चेहऱ्यावर होती.

मी कॉफी प्याले. भागीरथीबाई मला हळदकुंकू आणायला आत गेल्या, तेव्हा सयाजीरावांनी मला हळूच वर्कशॉपमध्ये बोलावलं.

लेथच्या शेजारी जमिनीत चार बोल्ट वर आलेले होते, मध्ये तेलाचा चौकोनी डाग. तिथं काहीतरी जड असं वर्षानुवर्षं उभं असणार.

"काय होतं इथं?"

"ड्रिलिंग मशीन होतं. गेलं." ते हसल्यासारखं करून म्हणाले. "तिला बोललोय, रिपेरीला दिलंय. आठ महिने होत आलं, अजून रिपेरीच चाललीय."

"ते विकून पैसे घरी आणलेत? आणि माझं नाव सांगितलंत?"

"मग काय सांगू, अक्का? अक्कानं चार लोकात घालवून दिलं म्हणून सांगू? तिचं डोकं लई गरम. आली असती तुमच्या खिडकीला भांडायला. नको वाटलं. तुमचं नाव तिथं मोठं हाय."

मला रडू फुटलं. मी पाकीट त्यांच्या हातात कोंबलं. एक्कावन्नशे आहेत, तुमचेच आहेत, कुणाचा उपकार नाही, चूक माझी आहे, माफ करा, असं काय काय मी एका दमात बोलले. त्यांनी पाकीट घेतलं, वजन केल्यासारखं हातात धरलं, आणि मग परत माझ्यापुढे केलं.

"खरं सांगू का? ह्ये मी आता घरात कसं नेऊ? घरात ते पैसं एकदा येऊन गेलेत. आता पुन्हा कुठनं आलं म्हणून सांगू?"

वहीत मी ते एक्कावन्नशे दोन ओळींत जागेवर बसवले होते. इथं त्यांना जागाच नव्हती.

"तुम्ही काही सांगू नका," मी म्हटलं. "मी सांगते."

"नको अक्का. झालं ते झालं. बिडी."

पण मी वळले होते. इतकी वर्षं माझ्या तापट स्वभावानं माणसं दुखावली, त्या दिवशी तो एकदा तरी कामाला आला. नाहीतर मी तिथूनच पाकीट पायरीवर ठेवून पळाले असते. भागीरथीबाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन उभ्या होत्या. त्यांचं बोट माझ्या कपाळाकडे येत होतं. मी त्यांचा हात धरून खाली केला.

"थांबा. मी पैसे परत दिले नव्हते," मी म्हटलं. "सयाजीराव मागायला आले होते, मी त्यांना नाही ते बोलून हाकलून दिलं. माझ्या वहीत तुमचे पैसे मला दिसत होते, तरी. तुमच्या घरी आले ते ड्रिलिंग मशीनचे होते. हे पैसे आज आणलेत."

सयाजीराव दारातच थांबले. खाली मान घालून. भागीरथीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्या असत्या तर मला हायसं वाटलं असतं. त्यांनी कोयरी टेबलावर ठेवली. मशीनबद्दल एक शब्द विचारला नाही, पाकिटाकडे पाहिलंही नाही.

"ह्यांना बोलला तवा," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तिथं किती लोक होते?"

मी आयुष्यभर मोजण्याचंच काम केलं. खोटं सांगता आलं असतं, एक-दोन होते म्हणून.

"दहा," मी म्हटलं. "मला धरून अकरा."

त्यांनी मान हलवली, नवऱ्याच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर सरळ केली, आणि त्यांना जेवायला आत बोलावलं. मला त्यांनी जा म्हटलं नाही, आणि बसाही म्हटलं नाही.